कानाला लागलेले पहिले उत्तर

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत नोकरी करणारे अनेक जण परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस परीक्षा देतात. तिच्या श्रवण विभागात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. पर्यायांचे प्रश्न सोपे वाटतात, आणि फसवतात तेच.

समजा, प्रश्न आहे : दोघे रविवारी कुठे जाणार? पर्याय : ताम्हिणी, घनगड, मुळशी धरण. ती म्हणते, "ताम्हिणीला जाऊ." तो म्हणतो, "पावसात तिथं फार गर्दी होते, घनगड बरा." ती हो म्हणते, पण लगेच तिला आठवते की सोबत आजी आहेत, गड त्यांना झेपणार नाही. तो धरण सुचवतो. "ते तर मागच्याच महिन्यात पाहिलं. गर्दी असली तरी चालेल, सकाळी लवकर निघू." "बरं, तसंच करू."

उत्तर ताम्हिणी. शेवटच्या वाक्यांत ताम्हिणीचे नावच नाही. 'गर्दी' या शब्दावरून ओळखायचे. तिन्ही नावे मुद्दाम ऐकवलेली असतात, म्हणून 'शेवटचे नाव खरे' हा क्लासमधला ठोकताळा इथे आपटतो. 'घनगड'वर खूण करून थांबणारा तर पुढचे ऐकतच नाही.

म्हणून नाव ऐकताच खूण करू नका. आक्षेप आला की त्या पर्यायापुढे बारीक फुली मारा. आक्षेप मागे घेतला तर फुली खोडा. दुसऱ्याचा होकार आला की मगच उत्तर पक्के करा. तरीही अडलात, तर अंदाजाने लिहा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.