आइन्स्टाइनचा मासा आणि बाईंचं भाषण

‘आदरणीय प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर आणि पालकहो’ इथपर्यंत कुठल्याही मुख्याध्यापकांना कागद लागत नाही. खरी अडचण पुढे, इंग्रजी सुविचार आला की सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिका बाईंनी स्नेहसंमेलनाच्या भाषणाचा कच्चा मसुदा वाचायला दिला. त्यात तीन इंग्रजी अवतरणं होती. पहिलं आइन्स्टाइनचं म्हणून फिरणारं, झाडावर चढू न शकणाऱ्या माशाचं. आइन्स्टाइन १९५५ साली वारले आणि त्यांच्या लेखनात हा मासा कुठेच सापडत नाही. ‘बाई, हा मासा काढा,’ म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘दरवर्षी टाळ्या पडतात हो!’ पडतात, हे खरंच. पण मुलांना ‘उत्तर तपासून लिहा’ सांगणाऱ्यांनी न तपासलेलं वाक्य माइकवरून सांगायचं, हे मला पटेना. दुसरं अवतरण चांगलं तीन ओळींचं होतं. मंडपातल्या कर्ण्यातून त्याचा शेवट कुणालाच कळला नसता, म्हणून तेही गेलं.

तिसरं मात्र ठेवण्यासारखं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीत सांगितलेले तीन शब्द: ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’. मसुद्यात हे इंग्रजी शब्द आणि लगेच खाली त्याचं भाषांतर म्हणून ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. आपल्या तोंडी बसलेली घोषणा हीच. पण दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की क्रम जुळत नाही. इंग्रजीत चळवळ मधे आहे, संघटना शेवटी. सभागृहात हे ओळखणारा एखादा तरी पालक असतोच, आणि मग पुढचं भाषण तो ऐकत नाही.

शेवटी बाईंनी मांडणी उलटी केली. इंग्रजी आधी नाही, गोष्ट आधी. आठवीच्या मुलींनी शाळेतल्या गळक्या टाकीचं मोजमाप घेतलं, रोज किती बादल्या पाणी वाया जातं ते लिहून काढलं, तक्रार लावून धरली आणि मग सगळ्या वर्गांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. ही गोष्ट सांगून झाल्यावर बाई फक्त ते तीन शब्द म्हणाल्या, बाबासाहेबांच्या क्रमाने. भाषांतराची गरजच उरली नव्हती. पहिल्या रांगेतल्या, इंग्रजीचं अक्षरही न येणाऱ्या आजींनाही आधीच्या गोष्टीवरून ते कळलं असणार, कारण शेजारणीला कोपरानं ढोसून त्या म्हणाल्या, ‘आमची पण होती त्यात.’

वार्षिक अहवाल आधीच पर्यवेक्षकांनी वाचला होता, त्यामुळे बाईंना निकालाचे आकडे सांगावे लागले नाहीत. सात मिनिटांत त्या खाली बसल्या.

मग प्रमुख पाहुणे उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘आइन्स्टाइनने म्हटलंय, मासा...’

टाळ्या पडल्याच.