धुरातला एक तास

19 जानेवारी 2006. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली ॲराकोमा अल्मा ही भूमिगत कोळसा खाण. संध्याकाळी पाचच्या सुमारास कोळसा वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर बेल्टच्या एका यंत्रणेजवळ आग लागली. बेल्ट जागेवरून सरकून सतत घासत होता आणि त्या घर्षणाने तापलेल्या भागात साचलेला कोळसा पेटला. आग दिसली तेव्हा तिथल्या कामगारांनी विझवायचा प्रयत्न केला, पण नळाला पाणीच नव्हतं. पुरवठ्याचा झडपा बंद होता. धूर पुढे सरकू लागला. खाणीच्या आतल्या टोकाला 12 जणांची एक तुकडी काम करत होती आणि तिच्यापर्यंत बातमी उशिरा पोहोचली.

त्या 12 पैकी 10 जण बाहेर आले. दोघे आले नाहीत. दोघांच्याही कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे श्वास घ्यायचं आपत्कालीन उपकरण होतं. तरी ते का वाचले नाहीत, हे नीट पाहिलं की या उपकरणाची ताकद कळते आणि मर्यादाही.

भूमिगत खाणीत आगीपेक्षा धूर जास्त माणसं मारतो. कोळसा, रबरी बेल्ट, लाकडी टेकू असं काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे छातीत हवा भरत असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. हवेत तो हजारात एक-सव्वा भाग एवढा असला तरी जिवाला तातडीचा धोका मानला जातो. आधी डोकं जड होतं, मग विचार गोंधळतात, पाय लटपटतात. आपण चुकीचा निर्णय घेतोय हे कळण्याची शक्तीच आधी जाते.

शिवाय खाणीत हवा एका ठरलेल्या वाटेने फिरते. मोठे पंखे ताजी हवा एका बोगद्यातून आत खेचतात आणि वापरलेली हवा दुसऱ्या बोगद्यातून बाहेर काढतात. शेजारशेजारचे बोगदे मधल्या भिंतींनी वेगळे ठेवलेले असतात, म्हणजे एकात धूर झाला तरी दुसरा सुटकेसाठी स्वच्छ राहतो. ॲराकोमामध्ये बेल्टचा बोगदा आणि सुटकेचा मुख्य मार्ग यांच्यामधल्या अशाच काही भिंती काढलेल्या होत्या. आग लागली बेल्टपाशी आणि धूर शिरला थेट सुटकेच्या वाटेत.

तुकडी आपल्या वाहनात बसून त्याच वाटेने निघाली होती. पुढे धूर इतका दाट झाला की वाहन सोडावं लागलं. तिथेच त्यांनी सेल्फ-रेस्क्यूअर चढवले आणि एकमेकांना धरून, चाचपडत ते चालू लागले. भिंतीत एक दार सापडलं. त्यातून पलीकडच्या बोगद्यात गेल्यावर हवा बरी होती. तिथे मोजणी केली, तेव्हा दोघे मागे राहिल्याचं लक्षात आलं. त्यांना शोधायला परत जाण्याचा प्रयत्न झाला, पण धुराने मागे फिरवलं.

त्या वेळी तिथे वापरात असलेलं उपकरण होतं ते स्वतःच ऑक्सिजन तयार करणारं. कमरेच्या पट्ट्याला लावायचा, दोन-तीन किलोंचा धातूचा डबा. आत पोटॅशियम सुपरऑक्साइड नावाचं रसायन, त्याला जोडलेली एक पिशवी, नळी, तोंडात धरायचा तुकडा आणि नाकाचा चिमटा. कामगार उच्छ्वास सोडतो, तेव्हा त्यातली वाफ या रसायनाशी संयोग पावते आणि ऑक्सिजन सुटतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथेच शोषला जातो. शुद्ध झालेली हवा पिशवीत जमते आणि पुढच्या श्वासाला मिळते. बाहेरची हवा आत घेतलीच जात नाही, त्यामुळे बाहेर किती विषारी वायू आहे याने फरक पडत नाही.

याचा जुना प्रकार गाळणीचा. त्यात मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं मिश्रण असतं आणि ते आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. हलका, स्वस्त आणि सोपा. पण तो ऑक्सिजन बनवत नाही. आगीने किंवा स्फोटाने हवेतला ऑक्सिजनच संपला असेल, तर गाळणी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

ऑक्सिजनवाल्या उपकरणावर साधारण 60 मिनिटांची क्षमता लिहिलेली असते. हा तास घड्याळाचा नव्हे. घाबरून धावणाऱ्या माणसाला ऑक्सिजन जास्त लागतो, त्याचं उपकरण लवकर संपतं. शांत बसून राहिलेल्याला तेच उपकरण कितीतरी जास्त वेळ पुरतं. म्हणून प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवतात ती चालण्याची गती. पिशवी चपटी होऊन श्वास अपुरा वाटू लागला, तर थांबायचं, पिशवी भरू द्यायची आणि मग पुढे निघायचं.

उपकरण चढवण्याचाही क्रम असतो. गुडघ्यावर बसायचं, कारण धूर छताकडे जास्त असतो आणि मांडीपुढे डबा ठेवून दोन्ही हात मोकळे राहतात. गळ्यात पट्टा अडकवायचा. मग तीन कामं सलग: ऑक्सिजन सुरू करायचा, नळीचा तुकडा दातांत घट्ट धरून ओठ मिटायचे, नाकाला चिमटा लावायचा. एवढं झालं की जीव तात्पुरता सुरक्षित. त्यानंतरची तीन कामं सावकाश करता येतात: चष्मा, पट्टे घट्ट करणं, टोपी आणि दिवा परत डोक्यावर. हा क्रम वाचायला सोपा आहे. डोळ्यांत धूर, अंधार आणि कानात ओरडा असताना तो हाताला आपोआप आला पाहिजे.

चुका होतात त्या यानंतर. तोंडात तुकडा असताना बोलता येत नाही, आणि सोबत्याला काहीतरी सांगण्यासाठी माणूस तो बाहेर काढतो. ते एक वाक्य बोलायला घेतलेला श्वास विषाचा असू शकतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. रसायन काम करू लागलं की आत येणारी हवा गरम आणि कोरडी होते, श्वास ओढायला जोर लागतो. उपकरण नीट चालल्याचीच ती खूण असते. पण ज्याने ते आधी कधी तोंडात धरलेलं नाही, त्याला वाटतं की ते बंद पडलंय, आणि तो ते काढून टाकतो.

ॲराकोमाच्या 17 दिवस आधी त्याच राज्यातल्या सेगो खाणीत स्फोट झाला होता. आत अडकलेल्या तुकडीने कापडी पडदा बांधून एका कोपऱ्यात आसरा घेतला. वाचलेल्या एकमेव कामगाराने नंतर सांगितलं, की चार उपकरणं चालली नाहीत आणि बाकीची आळीपाळीने वापरावी लागली. तपासात मात्र त्या उपकरणांत ऑक्सिजन बनवण्याची क्षमता शिल्लक असल्याचं आढळलं. बचाव पथक पोहोचायला 40 तासांहून अधिक वेळ लागला. तोपर्यंत 12 जण गेले होते. तासाभराचं उपकरण इथे पुरणार नव्हतंच. वाट बंद झाली तर थांबायला जागा हवी होती, आणि कापडी पडदा वायू अडवत नाही.

तशी जागा काय करू शकते हे त्याच महिन्यात दिसलं. 29 जानेवारी 2006 रोजी कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, एस्टरहेझीजवळच्या पोटॅश खाणीत प्लास्टिकच्या पाइपांना आग लागली. खाली असलेले 72 जण आश्रयकक्षांत शिरले आणि दारं बंद केली. तिथे ऑक्सिजन, पाणी आणि अन्न होतं. बचाव पथकाने आग विझवली, आणि 72 च्या 72 जण चालत बाहेर आले. ती कोळशाची खाण नव्हती हे ध्यानात ठेवायला हवं. पोटॅश जळत नाही, त्यामुळे खडकातच पक्क्या खोल्या खोदता येतात. कोळशाच्या खाणीत भिंतच इंधन असते आणि कामाची जागा रोज पुढे सरकते, म्हणून तिथे कक्षही सरकवता येणारे लागतात.

त्या वर्षी अमेरिकेत खाण सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि 2008 च्या अखेरीस आश्रयकक्षांचे नियम आले. कोळसा खोदण्याच्या जागेपासून 1000 फुटांच्या आत कक्ष हवा आणि आतल्या माणसांना 96 तास पुरेल एवढी श्वसनयोग्य हवा हवी. बऱ्याच ठिकाणी हा कक्ष म्हणजे पोलादी पेटी असते. ती उघडली की आतला तंबू हवेने फुगतो. आत शिरताना आधी दोन दारांमधल्या छोट्या कप्प्यात थांबायचं, कारण कपड्यांतून आणि दारातून विषारी वायू आत येतो. सिलिंडरमधली स्वच्छ हवा सोडून तो बाहेर ढकलायचा, वायूमापकावर आकडा उतरलेला पाहायचा आणि मगच आत जायचं. आत कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइमचे पडदे टांगायचे आणि माणसांच्या संख्येप्रमाणे ऑक्सिजनचा प्रवाह लावायचा.

या कक्षाची मोठी अडचण असते उष्णता. बंद जागेत दाटीवाटीने बसलेल्या माणसांचं शरीर आणि वायू शोषणारं रसायन, दोन्ही उष्णता सोडतात, आणि घामाची वाफ जायला जागा नसते. हवा पुरेशी असूनही उष्माघाताने माणूस दगावू शकतो. म्हणून आतली जाणवणारी उष्णता 35 अंश सेल्सिअसवर जाऊ नये अशी अट आहे, आणि खोल, उष्ण खाणीत ती पाळण्यासाठी कक्षाची क्षमता कमी धरावी लागते. प्रशिक्षणातही म्हणूनच सांगतात, की वाट असेल तर बाहेर पडा. कक्ष आहे तो वाट उरली नाही तेव्हासाठी.

भारतात या धोक्याची मोठी आठवण आहे 25 जानेवारी 1994 ची. पश्चिम बंगालच्या राणीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीत आग लागली आणि विषारी वायूने 55 कामगारांचा जीव गेला. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणी आहेत. कोळसा हवेत राहून स्वतःहून तापत जातो आणि पेटतो, हा धोका भारतीय कोळशाला नवा नाही. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला सेल्फ-रेस्क्यूअर देणं नियमाने बंधनकारक आहे.

ॲराकोमाच्या खटल्यात कंपनीने गुन्हा कबूल केला आणि फौजदारी आणि दिवाणी दंड मिळून 42 लाख डॉलर भरले. दोघांच्या कमरेला उपकरण होतं. त्यांच्याकडे नव्हतं ते वेळेवर आलेलं बोलावणं आणि धूर अडवणारी भिंत. उपकरणाने दिलेला तास अशा खाणीत वाट शोधण्यातच संपतो. विदर्भातल्या कोळसा पट्ट्यात ज्यांच्या घरचं कुणी खाली उतरतं, त्यांनी एवढं जरूर विचारावं: डबा तपासल्याची शेवटची तारीख कोणती, सरावाच्या उपकरणातून गरम श्वास घेऊन शेवटचं कधी पाहिलं, आणि दिवा विझवून सुटकेची वाट शेवटची कधी चालून पाहिली? उत्तर आठवत नसेल, तर तो सराव या महिन्यातच व्हावा म्हणून युनियनमार्फत मागणी करावी.