‘बहुसंख्येने’ नको, पंचेचाळीस हवेत

आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकेचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ सभेला ते शोभतं. माणसं जास्त आली तर सतरंजी थोडी लांब अंथरली जाते, कमी आली तर वक्ता पुढे सरकून बोलतो. मात्र कंपनीच्या श्रमदानाच्या दिवसासाठी ऑफिसातल्या लोकांना बोलावताना हेच वाक्य लिहिलं, तर तिथून गडबड सुरू होते. बसमध्ये जागा पन्नास असतात, टिकाव पंधरा असतात आणि गावातल्या बायका भाकऱ्या मोजून थापतात. अशा आवाहनात किती माणसं हवीत, त्यांचा किती वेळ हवा आणि नाव कधीपर्यंत द्यायचं, या तीन गोष्टी आकड्यांत लिहाव्या लागतात. हे आकडे आधी कागदावर कसे काढायचे, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीने शनिवार, ५ डिसेंबर २०२६ हा दिवस ठरवला आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून जाहीर केला. यंदा तो शनिवारी येतो, त्यामुळे तारीख सोयीची आहे. काम आहे पुरंदर तालुक्यात सासवडच्या पुढच्या एका गावातल्या गायरानावर सलग समतल चर खणण्याचं. डोंगरउतारावरून धावत खाली जाणारं पावसाचं पाणी या चरांत थांबतं आणि मुरतं. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे हे काम महाराष्ट्रभर माहीत झालं. शहरातल्या हजारो लोकांनी टिकाव पहिल्यांदा हातात धरला तो याच काळात.

हिशोब कामापासून सुरू करायचा. चर साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असतो. तिघांची तुकडी करायची: एकाने टिकाव मारायचा, एकाने फावड्याने माती ओढायची, एकाने घमेल्याने ती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. सवय नसलेल्या तिघांकडून मुरमाड जमिनीत अडीच तासांत चार मीटर चर झाला तरी चांगलं काम झालं असं समजावं. पंचेचाळीस माणसांच्या पंधरा तुकड्या मिळून साठ मीटर खणतील. त्या चरांची पोकळी भरते १०,८०० लिटर, म्हणजे चर एकदा काठोकाठ भरला की जवळपास एका मोठ्या टँकरएवढं पाणी अडतं. दर मोठ्या पावसात तो पुन्हा भरतो. आवाहनात लिहायचं ते एवढंच. ‘गाव पाणीदार करूया’ असं लिहू नये. एका सकाळीत गाव पाणीदार होत नाही, आणि हे गावकऱ्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. हेच काम जेसीबी फार लवकर करेल, तेव्हा मशीन जिथे चढू शकत नाही असा उतारच माणसांसाठी निवडायला हवा.

पंचेचाळीस हा आकडा कुठून आला? बस पन्नास आसनांची. दोन जागा आयोजकांच्या, एक प्रथमोपचार जाणणाऱ्याची, आणि पाणी व सामानासाठी शेवटची एक-दोन आसनं रिकामी. उरल्या पंचेचाळीस. आकडा तीनने भागता येतो, म्हणजे तुकडी अपुरी राहत नाही.

आता वेळ. इथेच आवाहनं सर्वांत जास्त चुकतात. ‘फक्त अर्धा दिवस’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस घरी पोहोचतो तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. पाळणाघरातून मुलाला आणायचं राहून जातं, आणि पुढच्या वर्षी तो माणूस नाव देत नाही. म्हणून घड्याळ पूर्ण मांडायचं. बस कंपनीच्या गेटवरून सव्वासहाला सुटली तर वाटेत दोन ठिकाणी लोकांना घेत गावात आठला पोहोचते. अर्धा तास चहा-पोहे आणि अवजारं कशी धरायची हे समजून घेण्यात जातो. साडेआठ ते अकरा काम. अर्धा तास चरांची मोजणी, हातपाय धुणं. साडेअकराला जेवण, सव्वाबाराला परतीची बस, दोन वाजता गेट. प्रत्यक्ष खणणं अडीच तास, गेटपासून गेटपर्यंत पावणेआठ तास. त्यात प्रत्येकाचा घर ते गेट हा प्रवास वेगळा, आणि आधीच्या सोमवारी अर्ध्या तासाची ऑनलाइन बैठक. हे सगळे आकडे आवाहनात हवेत. वाचून दहा जणांनी ‘मला जमणार नाही’ असं ठरवलं तर ते चांगलंच, कारण तेच दहा जण एरवी शुक्रवारी रात्री माघार घेतात.

वेळेशी जोडलेला एक प्रश्न कर्मचारी मोठ्याने विचारत नाहीत, पण मनात असतो: हा शनिवार माझ्या सुट्टीतला की कंपनीच्या वेळेतला? सुट्टीतला असेल तर बदली रजा मिळेल का? आणि नाही गेलो तर वार्षिक मूल्यमापनात दिसेल का? तिन्हींची उत्तरं आवाहनातच द्यावीत. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं आणि ते विभागप्रमुखांनाही कळवलेलं हवं. साहेब येणार म्हणून आलेला माणूस स्वयंसेवक नसतो.

आणखी एक गैरसमज दूर करावा लागतो. कंपनी हा दिवस ‘दोन टक्क्यांच्या कायद्यासाठी’ करते, असं अनेकांना वाटतं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, हे खरं. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची रुपयांत किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे तुम्ही टिकाव मारल्याने कंपनीचे पैसे वाचत नाहीत. ही एक ओळ आवाहनात लिहिली की मनातली किल्मिषं कमी होतात.

आता मुदत. नाव देण्याची शेवटची तारीख आयोजकाच्या सोयीने ठरवायची नसते. ती ५ डिसेंबरपासून उलट मोजत यावं लागतं. गुरुवारी, ३ तारखेला बसवाल्याला प्रवाशांची यादी आणि थांबे द्यायचे. मंगळवारी, १ तारखेला गावातल्या बचत गटाला जेवणाचा आकडा सांगायचा. पाहुणे आणि आयोजक धरून पन्नास पानं, माणशी दोन म्हटल्या तरी शंभर भाकऱ्या, आणि त्यासाठी पीठ आधी दळून आणावं लागतं. सोमवारी, ३० नोव्हेंबरला ऑनलाइन बैठक. रविवारी, २९ तारखेला गावातले जाणते लोक ए-फ्रेमने समपातळी रेषा काढून फक्की मारतात. साठ मीटर आखायचे की तीस, हे त्यांना माणसांच्या आकड्यावरूनच कळतं. त्याआधी गुरुवारी, २६ ला अपघात विम्यासाठी नावं पाठवायची आणि अवजारांची मागणी नोंदवायची: पंधरा टिकाव, पंधरा फावडी, तीस घमेली, पंचेचाळीस जोड हातमोजे. तेव्हा यादी बुधवारी, २५ ला पक्की व्हायला हवी. ती तपासायला एक दिवस धरला तर नावं सोमवारी, २३ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता बंद.

मुदत सोमवारी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. असा निर्णय माणूस ऑफिसात एकटा घेत नाही. शनिवार-रविवारी घरी विचारतो, आईच्या दवाखान्याची तारीख, मुलांचा क्लास पाहतो आणि मग नाव देतो. शुक्रवारी मुदत संपवली तर ही संधी जाते. आवाहन कधी काढायचं, तेही कॅलेंडर पाहूनच. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या आठवड्यात पाठवलेली मेल फराळाच्या शुभेच्छांखाली गाडली जाईल. म्हणून २ तारखेला फक्त ‘हा शनिवार राखून ठेवा’ एवढी एक ओळ पाठवायची आणि दिवाळीहून लोक परतल्यावर, सोमवारी, १६ ला नोंदणी उघडायची. आठ दिवस पुरतात. महिनाभर दिला तर लोक ‘बघू नंतर’ म्हणतात आणि विसरतात.

नाव देणारा प्रत्येक जण येत नाही. त्यावर काही आयोजक साठ नावं घेऊन ठेवतात. पण खरोखरच साठ जण आले, तर पंधरा जणांना पहाटे गेटवरून परत पाठवावं लागतं, आणि ते कायमचे दुखावतात. त्यापेक्षा पंचेचाळीसनंतरची नावं प्रतीक्षा यादीत घ्यावीत आणि नाव मागे घेण्याची वेगळी मुदत द्यावी: बुधवार, २ डिसेंबर, संध्याकाळी सहा. त्या दिवशी सकाळी प्रत्येकाला विचारायचं आणि ‘येतोय’ असं उत्तर न देणाऱ्याला फोन करायचा. मोकळी झालेली जागा त्याच रात्री प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला द्यायची. त्यासाठी प्रतीक्षा यादीतल्यांची नावंही विम्यासाठी आधीच पाठवलेली हवीत, हे बरेचदा राहून जातं.

हे सगळं जमलं की आवाहन लहानच होतं:

‘शनिवार, ५ डिसेंबर. पुरंदर तालुक्यात गायरानावर पाणी मुरवण्यासाठी चर खणायचे आहेत. ४५ जण हवेत. काम अडीच तास. गेटवरून सकाळी ६.१५ ला निघून दुपारी २ ला परत. सोमवारी, ३० नोव्हेंबरला अर्ध्या तासाची ऑनलाइन बैठक. काम वाकून करायचं आहे. पाठीचा, गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास मोजणी, पाणीवाटप आणि नोंदी ठेवण्याची सहा कामं राखून ठेवली आहेत. बंद बूट आणि टोपी आणावी. नाश्ता, जेवण, हातमोजे आणि विमा कंपनीकडून. गावातल्या शाळेत स्वच्छतागृहाची सोय आहे. बदली रजा मिळेल. सहभागाचा मूल्यमापनाशी संबंध नाही. नाव देण्याची मुदत: सोमवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६. नाव मागे घेण्याची मुदत: बुधवार, २ डिसेंबर, संध्याकाळी ६.’

यातली स्वच्छतागृहाची ओळ गाळू नये. ती नसेल तर अनेक स्त्रिया कारण न सांगता नाव देत नाहीत. आणि नोंदणी उघडण्याआधी ग्रामपंचायतीचा होकार लेखी घ्यावा. जमीन वनखात्याची निघाली तर त्या खात्याची परवानगी लागते. ती नसताना जाहीर केलेली तारीख फिरवावी लागते.

आवाहनातल्या आकड्यांचा हिशोब परत द्यायचा असतो. सोमवारी, ७ डिसेंबरला सगळ्यांना कळवावं: किती आले, किती मीटर झाले. साठ ठरले होते आणि बेचाळीस झाले असतील, तर बेचाळीसच लिहावं. पावसाळ्यात त्या चरांचा एक फोटो गावाकडून मागवून पाठवावा. पहिल्या पावसांनी चरात गाळ बसतो आणि तो काढावा लागतो. पुढच्या डिसेंबरचं काम त्या फोटोतच दिसेल. आणि तेव्हाच्या आवाहनात ‘तुकडीमागे चार मीटर’ हा अंदाज राहणार नाही, आपल्याच माणसांनी फीत लावून मोजलेला आकडा असेल.