निळा, पिवळा, लाल: परीक्षकाच्या शेजारी बसून

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्याला भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिनेच गाडी चालवता येते. पुढे पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं गाडी हाकलेल्यालाही तिथली परीक्षा द्यावीच लागते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी आधी २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायची. मग गाडी सुरू करण्यापूर्वी परीक्षक एक तोंडी प्रश्न विचारतो. या प्रश्नांची यादी सरकारच जाहीर करतं. तिच्यातल्या पुढच्या तीन प्रश्नांसाठी डॅशबोर्डवरची चिन्हं ओळखावी लागतात.

प्रश्न: डिप्परवरून अप्परवर कसं जाल आणि अप्पर लागलाय हे कसं कळेल?

उत्तर: स्टिअरिंगजवळची दांडी वापरायची आणि निळं चिन्ह पेटलंय का ते बघायचं. त्यात दिव्यातून सरळ आडव्या रेघा निघतात. डिप्परच्या हिरव्या चिन्हात त्या खाली झुकलेल्या असतात. नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण काही गाड्यांत इंजिन थंड असताना थर्मामीटरचं चित्रही निळंच दिसतं.

प्रश्न: मागचा फॉग लाइट कसा लावाल, आणि कधी?

उत्तर: इग्निशन आणि डिप्पर चालू करून बटण दाबायचं, पिवळं चिन्ह पेटल्याची खात्री करायची. दिव्याच्या सरळ रेघांना एक नागमोडी रेघ छेदते, ते हे चिन्ह. पुढच्या फॉग लाइटचं चिन्ह हिरवं असतं. मागचा दिवा लावायचा तो १०० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं तरच. धुकं विरलं की लगेच बंद करायचा, कारण मागच्या चालकाचे डोळे दिपतात आणि पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट त्याला नीट दिसत नाहीत.

प्रश्न: एबीएस बिघडल्याचं कसं कळेल?

उत्तर: पिवळा इशारा-दिवा लागतो. परीक्षेपुरतं एवढं पुरतं, पण खरी समज याच्या पुढे आहे. किल्ली फिरवताच गोलात ABS अशी अक्षरं उमटतात आणि काही सेकंदांत विझतात. हे उमटणं म्हणजे दिवा शाबूत असल्याची खूण. अक्षरं विझलीच नाहीत तर साधे ब्रेक सहसा लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. सोबत गोलातलं लाल उद्गारचिन्हही असेल, तर आधी हँडब्रेक ओढलेला नाही ना ते पाहावं. तो खाली असूनही लाल दिवा तसाच राहिला, तर ब्रेक ऑइल कमी असण्याची शक्यता असते; मग गाडी हलवायचीच नाही.

उत्तर चुकलं तर एक किरकोळ चूक मांडली जाते आणि अशा १५ चुकांपर्यंत उमेदवार पास होऊ शकतो. पेटून राहिलेल्या दिव्याला मात्र ही सवलत नाही. परीक्षेच्या गाडीत एअरबॅगसारखा कुठलाही इशारा-दिवा लागलेला चालत नाही. तो दिसला तर परीक्षा रद्द होते आणि पुढच्या तारखेसाठी पुन्हा फी भरावी लागते.