ऊस की जंगल?

उपग्रहाच्या चित्रात राधानगरीचं जंगल हिरवं आणि पंचगंगेकाठचा ऊसही हिरवाच. संगणकाला फरक शिकवायचा तर आधी माणसाने चित्रावर नमुन्याचे तुकडे आखायचे: हे पीक, हे पाणी, ही वस्ती, हे जंगल. त्या तुकड्यांतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, अवरक्त प्रकाश किती परावर्तित करतो, हे पाहून संगणक उरलेला प्रदेश वाटून टाकतो. सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा असतो. म्हणून तुकडा बांधापासून आत आखावा, नाहीतर बांधावरची झाडं पिकात मिसळतात.

पाणी सहसा सोपं, ते अवरक्त जवळजवळ गिळून टाकतं. खरी फसगत उसाची. डिसेंबरच्या एकाच चित्रावर भागवलं, तर उभा ऊस जंगलात जमा होऊ शकतो आणि तोडलेलं रान वस्तीत! म्हणून ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशी चित्रं एकत्र द्यायची. तोडणीनंतर शेताचा हिरवेपणा एकदम कोसळतो, निमसदाहरित जंगलाचा तसा कोसळत नाही.

तपासणीचे तुकडे मात्र वेगळे राखावेत. शिकवलेल्याच तुकड्यातले शेजारचे ठिपके तपासले, की अचूकता फुकटची फुगते. समजा, उसाच्या ५० ठिपक्यांपैकी १२ जंगलात गेले, तर एकूण टक्केवारी कितीही छान असो, ऊसक्षेत्राचा आकडा वापरू नये.