कापलेला स्क्रीनशॉट खरंच कापला गेलाय का?



डिझेल परतावा जमा झाला की बरेच जण बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. खाते नंबर आणि शिल्लक दिसू नये म्हणून खालचा भाग क्रॉप करतात. तारनाक्याला शिकायला असलेल्या आपल्या एका सभासदाच्या मुलीने विचारलं, "काका, कापलेला भाग खरंच जातो का?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येक वेळी जातोच असं नाही.

मार्च २०२३ मध्ये सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन या दोघांनी गूगलच्या पिक्सेल फोनमधली एक चूक जाहीर केली. फोनमधल्या 'मार्कअप'ने स्क्रीनशॉट कापला की नवा फोटो जुन्या फाईलवरच लिहिला जायचा, पण जुनी फाईल आधी रिकामी होत नव्हती.

कॅसेटचे दिवस आठवा. साठ मिनिटांच्या कॅसेटवर दहा मिनिटांचं नवं गाणं भरलं, तर पुढची पन्नास मिनिटं जुनंच वाजायचं. इथेही तसंच. नवा फोटो छोटा, त्यामुळे फाईलच्या शेवटी जुन्या फोटोची शेपटी राहायची. फोन नवा फोटो संपला की तिथेच थांबतो, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. जाणकार माणूस मात्र त्या शेपटीतून जुन्या फोटोचा खालचा भाग परत काढू शकतो. आपले खाते नंबर नेमके तिथेच असतात! जितका जास्त भाग कापाल, तितकी शेपटी लांब.

विंडोज ११ च्या 'स्निपिंग टूल'मध्येही हीच चूक सापडली. दोन्ही कंपन्यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण अपडेटने पुढचे फोटो सुधारतात, आधी कापून पाठवलेले नाहीत.

ओळखायचं कसं? फाईलचा साईज बघा. मूळ स्क्रीनशॉट ८०० केबीचा होता आणि कापून बोटभर पट्टी उरली, तरी साईज ८०० केबीच दाखवत असेल, तर आत जुना माल आहे असं समजा.

आता करायचं काय?

१. फोन आणि कॉम्प्युटर अपडेट ठेवा.

२. क्रॉप केल्यावर तो फोटो स्क्रीनवर उघडा आणि त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट घ्या. ही नवी फाईल असते, तिच्यात स्क्रीनवर दिसतं तेवढंच येतं. ती परत न कापता तशीच पाठवा.

३. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून न पाठवता साधा फोटो म्हणून पाठवा. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो नव्याने बनवतं, त्यात शेपटी गळून पडते. डॉक्युमेंट मात्र जसंच्या तसं जातं.

४. वर्डमध्ये फोटो चिकटवून तिथे क्रॉप केला तर कापलेला भाग फाईलमध्येच राहतो, समोरचा माणूस तो परत उघडू शकतो. म्हणून अर्जाला फोटो लावायचा असेल तर आधी कापा, मगच वर्डमध्ये घ्या.

जुने स्क्रीनशॉट कुठे डॉक्युमेंट म्हणून टाकले असतील, तर आजच काढून टाका.

आपला,
सचिव