दुकानाच्या नावाचं चालू खातं

दुकानदार घरखर्चाच्या बचत खात्यावरच गल्ला चालवतो, आणि एक दिवस एखादी संस्था दुकानाच्या नावाने चेक देते. तो बचत खात्यात जमा होत नाही. मग बँकेला अर्ज लिहिण्याची वेळ येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संगमनेरच्या बाजारपेठेत ‘समर्थ हार्डवेअर’ नावाचं दुकान आहे आणि त्याला एकच मालक. अर्जाची सुरुवात नेहमीची: प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. विषय: चालू खाते उघडण्याबाबत. खरा मजकूर चार ओळींत मावतो: ‘मी समर्थ हार्डवेअर या दुकानाचा एकमेव मालक असून, दुकानाच्या नावे चालू खाते उघडू इच्छितो. व्यवहार मी स्वतः पाहीन. अन्य बँकेत माझे कर्ज अथवा कॅश क्रेडिट नाही. कागदपत्रे सोबत जोडली आहेत.’ कर्ज असेल तर बँकेचं नाव आणि रक्कम इथेच लिहावी. बँक ते विचारतेच, आणि लपवलेलं कर्ज पत अहवालात दिसतं.

खाली ‘सोबत’ म्हणून यादी. मालकाचं पॅन, आधार आणि फोटो. एकल मालकीच्या दुकानाला वेगळं पॅन नसतं, मालकाचंच चालतं. त्यानंतर येतो खरा अडथळा. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे व्यवसायाचे दोन पुरावे लागतात, आणि ते दुकानाच्या नावाचे हवेत. उद्यम नोंदणी, गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र, दुकानाच्या नावाचं वीजबिल, यांपैकी कोणतेही दोन चालतात. मालकाच्या नावाचं विवरणपत्रही चालतं, मात्र त्यात दुकानाचं उत्पन्न दाखवलेलं हवं.

महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानंतर मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाला गुमास्ता प्रमाणपत्राऐवजी ऑनलाइन सूचनेची पावती मिळते. काउंटरवर कोणी जुनं प्रमाणपत्र मागितलं, तर हे शांतपणे सांगावं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देण्याचं कारण नाही.

अर्ज परत येतो तो बहुधा नावामुळे. पाटीवर ‘समर्थ हार्डवेअर’, उद्यमवर ‘समर्थ हार्डवेअर स्टोअर्स’ आणि वीजबिल जुन्या भाडेकरूच्या नावाने, असं असेल तर पडताळणी तिथेच अडकते. म्हणून आधी सगळे कागद एका टेबलावर मांडून नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर जुळवावा. चूक ज्या कागदात असेल, तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

दोन पुरावे मिळणं खरोखरच शक्य नसेल, तर बँक एकावरही भागवू शकते. पण मग तिला दुकान जागेवर आहे आणि धंदा चालू आहे याची खात्री करून घ्यावी लागते. शाखेचा माणूस पाहणीला आला, तर त्याचं हे कारण असतं.

सगळ्या प्रतींवर सही करावी आणि मूळ कागद दाखवायला सोबत न्यावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख मात्र न विसरता घ्यावी.